लाट १.४ मीटर, वारा ७ नॉट, तरी होडी का नाही सोडली: एका सकाळचं प्रकरण

होडी साडेसहा मीटरची, उघडी फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड आणि होडीवर माणसं दोन, दादा आणि त्याच्याबरोबरचा पोरगा. जाळी टाकलेली नऊ सागरी मैल बाहेर, म्हणजे दहा नॉटने गेलं तर तासाभराचा रस्ता. बाहेर पडायचं तर खाडीचं तोंड ओलांडावं लागतं आणि तोंडावर वाळूचा पट्टा आहे, पूर्ण ओहोटीला त्यावर दोन मीटर पाणी उरतं आणि पूर्ण भरतीला साधारण चार. तोंड नैऋत्येला उघडतं. ठरलेला बेत असा की पहाटे साडेपाचला भरती भरली की निघायचं, साडेसहाला जाळ्यावर, तीन-साडेतीन तास ओढायला, आणि साडेदहा-अकरापर्यंत परत तोंडावर. ओहोटी पूर्ण होणार पावणेबाराला.

आदल्या संध्याकाळी मोबाईलवर जो तक्ता उघडला त्यात सकाळी सहाला वारा ७ नॉट, नऊला ९, बाराला १५, दुपारी तीनला १७ आणि झोत २२ पर्यंत. लाटेची उंची दुपारी बाराच्या रकान्यात १.४ मीटर, पिरियड, म्हणजे एका शेंड्यामागून दुसरा शेंडा यायला लागणारा वेळ, ७ सेकंद. समुद्राची स्थिती "मध्यम". बरोबरचा पोरगा म्हणाला, "दादा, सात नॉटच वारा आहे, आणि बारा वाजायच्या आत तर आपण घरी." आणि खरं सांगायचं तर वरवर बघितलं तर त्याचं चुकलं नव्हतं, या आकड्यांवर बरेच जण होडी सोडतील.

आधी "मध्यम" या शब्दाचं बघू कारण ते पटकन संपतं. समुद्राच्या स्थितीच्या मोजपट्टीत मध्यम म्हणजे सव्वा मीटर ते अडीच मीटर. साडेसहा मीटरच्या होडीसाठी सव्वा मीटर आणि अडीच मीटर हे दोन वेगळे समुद्र आहेत. शिवाय लाट छोटी-छोटी खडबडीत आहे का लांब आणि जड आहे हे त्या शब्दात येतच नाही. त्यामुळे होडी सोडायची का नाही हे त्या शब्दावर ठरत नाही.

मग १.४ मीटर. हा आकडा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो हे अजूनही खूप जणांना माहीत नसतं. त्या वेळच्या सगळ्या लाटा उंचीप्रमाणे लावल्या तर वरच्या एक तृतीयांश लाटांची जी सरासरी येते ती तक्त्यात छापतात, आणि ती खळग्याच्या तळापासून शेंड्यापर्यंत मोजलेली असते. म्हणजे यापेक्षा मोठ्या लाटा येणारच. दोन-तीन तास एकाच जागी बसलात तर त्यातली एखादी लाट छापलेल्या आकड्याच्या पावणेदोन ते दोनपट निघते, म्हणजे १.४ च्या समुद्रात अडीच मीटरच्या पुढची एखादी लाट बघायला मिळणं हे नेहमीचंच आहे, त्यात अंदाज चुकला असं काही नसतं. खोल पाण्यात ती लाट होडीला उचलून खाली ठेवते, बस. प्रश्न येतो उथळ पाण्यात.

आता या प्रकरणाचा खरा गाभा, तो म्हणजे ७ सेकंद. दादाला हाच आकडा खटकला कारण दोन दिवसांपासून किनाऱ्यावर बारीक पण खूप लांब अंतराने येणारी लाट दिसत होती, वारा नसताना. म्हणून त्याने एकत्र आकडा सोडून तक्त्याचा तपशील उघडला, जिथे स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून आलेली लांब लाट, आणि जागच्या वाऱ्याच्या लाटा वेगवेगळ्या दाखवतात. तिथे बाराच्या रकान्यात हे निघालं: स्वेल १.२ मीटर, १५ सेकंद, नैऋत्येकडून. वाऱ्याची लाट ०.७ मीटर, ४ सेकंद, पश्चिमेकडून.

म्हणजे समुद्रात सात सेकंदाची लाट नव्हतीच! होती ती एक पंधरा सेकंदाची आणि एक चार सेकंदाची, आणि वरच्या तक्त्यातला ७ हा दोन्हींची मिळून काढलेली सरासरी होती. बारीक लाटा संख्येने जास्त असतात त्यामुळे सरासरी पिरियड खाली ओढला जातो आणि मोठी लांब लाट त्यात लपून जाते. काही तक्ते सरासरी पिरियड देतात, काही सगळ्यात जास्त ताकद असलेल्या लाटेचा, ज्याला पीक पिरियड म्हणतात. आपण बघतोय तो कुठला हे एकदा नीट शोधून ठेवावं, माझ्या मते आख्ख्या अंदाजात यापेक्षा जास्त उपयोगाचं दुसरं काही नाही.

उंचीची बेरीजही साधी नसते. १.२ आणि ०.७ मिळून १.९ होत नाही, दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं, १.४४ अधिक ०.४९ म्हणजे १.९३, त्याचं वर्गमूळ १.३९. तेच १.४. म्हणजे तक्ता बरोबरच होता, फक्त एका आकड्यात दोन समुद्र कोंबले होते.

पंधरा सेकंदाने एवढा काय फरक पडतो? खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची तर पिरियडचा वर्ग गुणिले १.५६. सात सेकंदाची लाट ७६ मीटर लांब, पंधरा सेकंदाची ३५० मीटर. लाट साधारण आपल्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलवते, म्हणजे ही पंधरावाली पावणेदोनशे मीटर खोलीपासूनच तळाला लागायला लागते. किनाऱ्याकडे येताना ती हळू होत जाते पण मागून ताकद येतच राहते, आणि ती ताकद मग उंचीत जाते. बाहेर ती दिसतही नाही, होडी सावकाश वर जाते सावकाश खाली येते, आणि माणसाला वाटतं काय मस्त समुद्र आहे.

हिशोब करून बघितला तर असं येतं. १.२ मीटरची सात सेकंदाची लाट तीन मीटर पाण्यावर आली की १.३ मीटरच्या आसपास होते, जवळपास तेवढीच. तीच १.२ मीटर पण पंधरा सेकंदाची असेल तर तीन मीटर पाण्यावर पावणेदोन मीटर. अजून उथळ गेलं की अजून वाढते. हा हिशोब सरळ समोरून तोंडावर येणाऱ्या लाटेचा आहे, तिरकी लाट आत येताना वळते आणि काही ताकद गमावते, पण इथे तोंड नैऋत्येला आणि स्वेलही नैऋत्येकडून, म्हणजे सवलत काहीच नाही. (दिशेचं एक लक्षात ठेवा, वारा आणि लाट कुठून येते ते लिहितात आणि प्रवाह कुठे जातो ते लिहितात, एकाच स्क्रीनवर दोन्ही असतात आणि बाण उलटा वाचला की सगळंच उलटं होतं.)

आता फुटण्याचं. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण भागाच्या थोडी वर गेली, साधारण ०.७८, की ती फुटते. भरती भरलेली असताना पट्ट्यावर चार मीटर पाणी आहे, तिथे फुटायला तीन मीटरपेक्षा मोठी लाट लागते, आणि आपली स्वेल तिथे १.६ मीटरच्या आसपास. एखादी दुप्पट आली तर फुटेल, बाकी रस्ता उघडा. साडेअकराच्या सुमाराला मात्र दोन मीटर पाणी, तिथे दीड मीटरच्या वरची लाट टिकतच नाही, म्हणजे नेहमीच्या मोठ्या लाटासुद्धा पट्ट्यापर्यंत पोचायच्या आधीच, बाहेरच्या उतारावर सव्वादोन-अडीच मीटर पाण्यात, पावणेदोन मीटर उंच होऊन फुटणार. आणि एखाद्या कोपऱ्यात नाही, तोंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

म्हणजे त्याच होडीला, त्याच स्वेलमध्ये, साडेपाचला बाहेर पडायला रस्ता होता आणि अकराला आत यायला नव्हता. जाताना काही कळलं नसतं, किंबहुना जाताना सगळं इतकं छान वाटलं असतं की खात्रीच पटली असती. त्यामुळे अंदाज वाचताना सुटायच्या वेळेचा रकाना नाही, परत तोंडावर यायच्या वेळेचा रकाना आधी बघायचा, आणि तो भरती-ओहोटीच्या वेळेशेजारी ठेवून बघायचा.

परत येणं जाण्यापेक्षा वाईट का हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको पण तरी लिहितो. बाहेर जाताना लाट समोरून दिसते, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक तिच्यावर चढतं, इंजिनाचा जोर कमी-जास्त करता येतो. आत येताना ती पाठीमागून येते. तीन मीटर पाण्यात लाटेचा वेग साडेदहा नॉटच्या आसपास असतो, आणि मासळी भरलेली होडी नऊ-दहा नॉटने चाललेली, म्हणजे लाट होडीला हळूच गाठते आणि मागचा भाग उचलून धरते. प्रॉपेलर अर्धा हवेत, होडी घसरायला लागते, नाळ खाली पाण्यात रुतते आणि मागचा भाग बाजूला फिरतो. एकदा आडवी झाली की पुढची लाट तिला कुशीवर मारते. यॉटच्या मॉडेलवर टाक्यांमध्ये झालेल्या चाचण्यांत असं दिसलंय की आडव्या सापडलेल्या बोटीला तिच्या लांबीच्या तीस टक्के उंचीची फुटणारी लाट उलटवू शकते. साडेसहा मीटरला तो आकडा दोनच्या जरा आत येतो. तळाला वजनदार कील नसलेली उघडी होडी यॉटपेक्षा जास्त सोसेल असं समजायला काहीच कारण नाही.

अजून एक गोष्ट जी बाहेरून येणाऱ्याला फसवते, फुटणाऱ्या लाटेचा पांढरा भाग किनाऱ्याकडे असतो. समुद्राकडून बघणाऱ्याला तिची गुळगुळीत पाठच दिसते. तोंड शांत दिसतं म्हणून होडी आत घातली आणि मग कळलं, असं म्हणूनच होतं.

पोराने मग विचारलं की लवकर परत येऊ, नऊलाच. तेही तपासलं. भरती साडेपाचला आणि ओहोटी पावणेबाराला म्हणजे मधले तास साडेसात ते साडेनऊ, आणि पाणी सगळ्यात जोरात तेव्हाच ओसरतं. सहा तासांत पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक, असा ढोबळ हिशोब असतो. त्या मधल्या वेळात खाडीतून बाहेर धावणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला समोरून भिडतं, लाट आखूड होते आणि उभी राहते, आणि उभी लाट लवकर फुटते. वाऱ्याच्या चार सेकंदाच्या लाटा तर दोन-अडीच नॉटच्या उलट्या प्रवाहात जवळजवळ जागच्या जागी अडून ढीग होतात. म्हणजे नऊला तीन मीटर पाणी असूनही तोंड खराब. अकराला पाणी मंद पण उथळ. दुपारी तीनला भरती चढत असेल, प्रवाह आणि लाट एका दिशेने, ते चांगलं, पण तोपर्यंत वारा १७ आणि झोत २२, आणि बाहेर उघड्या होडीत चार तास जास्तीचे काढायचे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे विसरून चालत नाही, सातावरून चौदावर गेला की दुप्पट नाही, चौपट.

दुसरा पर्याय निघाला तो रात्री दोनला जायचा. दोनला भरती अर्धी चढलेली, तीनला जाळ्यावर, जरा कमी ओढून पाचला फिरायचं आणि सहाला भरलेल्या पाण्यात आत. आकड्यांवर हा पर्याय बसत होता. दादाने तो नाकारला तो एका कारणाने, आणि मला ते पटतं. लांब स्वेल एकसारखी येत नाही, ती गटाने येते. दहा-बारा मिनिटं काहीच नाही आणि मग चार-पाच मोठ्या लाटा लागोपाठ. तोंड ओलांडायचं म्हणजे गट जाऊ द्यायचा आणि मधल्या शांततेत निघायचं, आणि त्यासाठी लाट दुरून दिसायला लागते. अंधारात दिसत नाही. शिवाय स्वेल वाढत होती का उतरत होती हे रात्री दोनला नक्की नव्हतं.

ते वाढण्याचं थोडं सविस्तर सांगतो. दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांमध्ये जास्त पिरियडच्या लाटा वेगाने पुढे येतात. पिरियडला दीडने गुणलं की ती ताकद किती नॉटने सरकते ते ढोबळ कळतं, अठरा सेकंदाची सत्तावीस नॉटने, बारा सेकंदाची अठराने. म्हणून आधी येतात त्या खूप लांब पण जेमतेम अर्ध्या मीटरच्या, आणि त्यानंतर पिरियड हळूहळू उतरत जातो आणि उंची चढत जाते. दोन दिवसांपूर्वी तक्त्यात दुसऱ्या स्वेलच्या रकान्यात ०.४ मीटर १८ सेकंद असं आलं होतं. ०.४ बघून कोणी लक्ष देत नाही. पण पिरियड एकदम आठावरून अठरावर उडी मारतो तेव्हा ती मागून येणाऱ्याची वर्दी असते, आणि त्या दिवसापासून पुढचे दोन-तीन दिवस तोंडाचा बेत परत करावा.

तर होडी सुटली नाही. दादा अकराला पोराला घेऊन तोंडाजवळच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून. हे करायलाच पाहिजे असं मला वाटतं, न गेलेल्या दिवशीसुद्धा, कारण आपला निर्णय बरोबर होता का उगीच घाबरलो हे नाहीतर कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी माणूस परत अंदाजपंचे ठरवतो. एका ठिकाणी नजर ठेवून अकरा शेंडे मोजले, म्हणजे मधली दहा अंतरं, वेळ आला अडीच मिनिटांच्या आसपास, म्हणजे पंधरा सेकंद. पिरियडचा अंदाज बरोबर. पहिली दहा मिनिटं तोंड बऱ्यापैकी उघडं दिसत होतं आणि पोरगा म्हणायलाच लागला होता की आलो असतो की आपण. मग गट आला, पाच लाटा, पाचही तोंडभर फुटल्या. पाच मिनिटं बघून निघून आले असते तर उलटं समजून आले असते, त्यामुळे निदान वीस मिनिटं तरी बघावं.

वाऱ्याचा अंदाज मात्र चुकला. पंधरा नॉट बाराला लिहिले होते ते साडेदहालाच आले, पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसत होते. किनाऱ्याजवळ दुपारी समुद्राकडून सुटणाऱ्या वाऱ्याचं असंच होतं. जगभराचा अंदाज देणारी काही मॉडेल पंचवीसेक किलोमीटरच्या चौकोनात विचार करतात, त्या एका चौकोनात अर्धी जमीन अर्धा समुद्र येतो आणि जमीन तापून वारा नेमका कधी सुटतो हे त्यात नीट पकडलं जात नाही. म्हणून पंधरा सेकंदाच्या स्वेलच्या आकड्यावर दोन दिवस आधीसुद्धा बराच भरवसा ठेवता येतो, पण दुपारच्या वाऱ्याची वेळ दोन तास अलीकडे धरूनच बेत करावा. आणि तक्त्यातला वारा हा सरासरी असतो, झोत त्याच्या वर तिसरा हिस्सा सहज जातो, तो रकाना वेगळा असतो.

दोन दिवसांनी तक्त्यात स्वेल ०.६ मीटर १२ सेकंद, वारा सकाळभर ८ च्या आत. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे आता ती सात वाजून दहा मिनिटांनी होती. पहाटे चारला निघाले, अर्धी भरती, पट्ट्यावर तीन मीटर पाणी. अंधार होता पण आता चालत होता, कारण ही लाट तीन मीटर पाण्यात ०.८ होते, दुप्पट धरली तरी १.६, आणि फुटायला तिथे २.३ लागतात. पाचला जाळ्यावर, आठला ओढून झालं आणि नऊला परत तोंडावर. उतार सुरू होऊन दोन तास होत आले होते, पाणी अजून साडेतीन मीटर होतं आणि मधला जोराचा प्रवाह नुकता सुरू होत होता. बाहेर होडी हळू करून एक गट जाऊ दिला, एकही लाट फुटली नाही, मग सरळ आत.

या सगळ्या हिशोबात एक आकडा कुठल्याच अंदाजात मिळत नाही, तो म्हणजे पट्ट्यावरचं पाणी. दोन मीटर हा मागच्या हंगामातला आकडा होता आणि वाळू मोठ्या पुरानंतर किंवा दोन-चार दिवसांच्या मोठ्या स्वेलनंतर सरकते. ओहोटीला दोनाच्या जागी दीड मीटर असेल तर फुटण्याची मर्यादा १.६ वरून १.२ वर येते आणि वरचे सगळे निकाल बदलतात. त्यामुळे आत आल्यावर दोघांनी दुपारी पूर्ण ओहोटीला, लाट बसलेली असताना, शिशाचं वजन बांधलेली दोरी घेऊन पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला. मधोमध १.८ निघालं आणि उत्तरेच्या बाजूला २.४. पुढच्या फेरीपासून रस्ता उत्तरेकडून धरला.